दोन्ही टोकांनी चढता येणारी शिडी

चायनीज चेकर्सच्या पटावर दोन खेळाडू समोरासमोर बसले आहेत आणि त्यांनी संगनमत करून एकालाच लवकरात लवकर जिंकवायचं ठरवलं आहे. डाव किती चालींत संपेल? १९७९ मध्ये डेव्हिड फेबियन यांनी असा एक डाव रचून दाखवला, तो ३० चालींत संपतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १५ चाली. आता समोरच्या खेळाडूला उठवून टाका, त्याच्या दहा गोट्याही उचला आणि एकट्यानंच आपल्या दहा गोट्या पलीकडच्या घरात पोचवायला बसा. ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांनी १९७१ मध्ये हे काम २७ चालींत करून दाखवलं. (केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या पुष्कळ मराठी मंडळींना हे नाव ओळखीचं वाटेल. रिअ‍ॅक्टरवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिणारे ते हेच प्राध्यापक.) पुढे गणितज्ञ जॉर्ज बेल यांनी संगणकाकडून शोध घेऊन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात सिद्ध केलं की या दोन्ही आकड्यांपेक्षा कमी चालींत काम होणंच शक्य नाही.

मोकळ्या पटावर, कोणाचाही अडथळा नसताना २७ चाली लागतात. समोर दुसऱ्याच्या दहा गोट्या असल्या आणि त्या हव्या तिथे उभ्या राहिल्या, तर १५ पुरतात. एरवी पटावरच्या खेळात समोरच्याचे मोहरे म्हणजे संकट. इथे ते वाहन आहे. आणि हा व्यवहार अर्थातच दोन्हीकडून चालतो, आपल्या गोट्या त्याचं वाहन होतात. ज्याला लांब उड्या मारायच्या आहेत त्याला हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच लक्षात ठेवावं लागतं, आणि बहुतेक जण नेमके तिथेच चुकतात.

नाव चायनीज असलं तरी खेळाचं मूळ चीनमध्ये नाही. बॉस्टनचे शल्यविशारद जॉर्ज हॉवर्ड मंक्स यांनी १८८३-८४ च्या सुमाराला 'हाल्मा' नावाचा खेळ तयार केला. त्याचा पट चौकोनी, सोळा बाय सोळा घरांचा होता. जर्मनीतल्या राव्हेन्सबुर्गर कंपनीनं १८९२ मध्ये तोच खेळ चांदणीच्या आकाराच्या पटावर आणला. अमेरिकेत प्रेसमन कंपनीनं १९२८ मध्ये तो 'हॉप चिंग चेकर्स' या नावानं विकायला काढला. त्या काळात पूर्वेकडच्या वाटणाऱ्या वस्तूंना तिकडे मोठी मागणी होती, त्यातून चिनी नाव चिकटलं ते कायमचं. खेळ मात्र पुढे खुद्द चीनमध्येही घरोघरी गेला.

आता पट. सहा टोकांची चांदणी, १२१ खळगे. प्रत्येक टोकाच्या त्रिकोणात दहा, मधल्या षटकोनात ६१. दोघं खेळत असतील तर समोरासमोरची दोन टोकं घेतात. प्रत्येकाच्या दहा गोट्या, आणि आपल्या सगळ्या गोट्या समोरच्याच्या घरात आधी बसवेल तो जिंकला. एका वेळी एकच गोटी हलवायची आणि तिच्यासाठी दोनच पर्याय. एक तर शेजारच्या रिकाम्या खळग्यात एक पाऊल टाकायचं, किंवा शेजारच्या गोटीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या खळग्यात उडी मारायची. उडी मारून जिथे पडलो तिथून दुसरी उडी मिळत असेल तर तीही त्याच चालीत, मग तिसरी, चौथी, मिळतील तेवढ्या. ज्या गोटीवरून उडी मारायची ती कोणाचीही असो, ती मरत नाही, जागेवरच राहते. सलग दोन गोट्या उभ्या असतील तर त्यांच्यावरून उडी नाही. पाऊल आणि उडी एकाच चालीत जोडता येत नाहीत.

आपल्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत आडव्या ओळी मोजल्या तर त्या १७ भरतात. पहिल्या ओळीत एक गोटी, दुसरीत दोन, तिसरीत तीन, चौथीत चार अशी आपली सुरुवात. शेवटी चौदाव्या ओळीत चार, पंधराव्यात तीन, सोळाव्यात दोन, सतराव्यात एक. दहा गोट्यांनी मिळून किती ओळी चढायच्या याची बेरीज केली तर उत्तर बरोबर १२० येतं. एकेक पाऊल टाकत गेलं तर १२० चाली. लेव्हनस्पील यांच्या २७ चालींत एका चालीला सरासरी साडेचारच्या आसपास ओळी पडतात आणि फेबियन यांच्या १५ चालींत बरोबर आठ. एक पाऊल जास्तीत जास्त एक ओळ देतं, एक उडी जास्तीत जास्त दोन. म्हणजे खेळ बरा चालला आहे की नाही हे पाहण्याचं माप सोपं आहे: आपली चाल सरासरी किती ओळी देते? आणि त्याच चालीनं समोरच्याच्या पुढच्या चालीला किती ओळी बहाल केल्या?

पहिल्या दोन चालींतच हा हिशोब दिसतो. चौथ्या ओळीतली उजव्या टोकाची गोटी एक पाऊल पुढे आणि आतल्या बाजूला, पाचव्या ओळीत सरकवा. मिळाली एकच ओळ. पण आता दुसऱ्या ओळीतली उजवी गोटी बघा. तिच्यापुढे तिसऱ्या ओळीची उजवी गोटी आहे, तिच्यावरून उडी मारली की ती चौथ्या ओळीच्या त्या नुकत्याच रिकाम्या झालेल्या टोकावर पडते. तिथून दिशा बदलून, आधी सरकवलेल्या गोटीवरून दुसरी उडी, थेट सहाव्या ओळीत. एका चालीत चार ओळी, आणि तीही घराच्या तळाशी अडकलेली गोटी बाहेर निघाली. नवशिके पुढच्या गोट्या पळवतात आणि मागच्या शेवटी एकट्या पडतात. ही सुरुवात उलट आहे, पुढची गोटी जेमतेम हलते आणि मागची तिच्यावरून जाते.

अशा उड्यांची माळ लांबवायची तर गोट्या एकाआड एक ठेवाव्या लागतात. गोटी, रिकामा खळगा, गोटी, रिकामा खळगा. या रचनेला शिडी म्हणू आणि तिच्यातल्या गोट्यांना पायऱ्या. चांदणीच्या मधोमध टोकापासून टोकापर्यंत एक रेष कल्पावी. विषम ओळींत एक खळगा बरोबर या रेषेवर येतो, सम ओळींत तो रेषेच्या उजवीकडे आणि डावीकडे असतो. समजा चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या ओळीत रेषेला लागून उजवीकडच्या खळग्यात एकेक गोटी आहे. तिसऱ्या ओळीत रेषेवर बसलेली गोटी पहिल्या पायरीवरून उडी मारते ती पाचव्या ओळीत उजवीकडे, तिथून दुसऱ्या पायरीवरून सातव्या ओळीत पुन्हा रेषेवर, मग नवव्यात उजवीकडे, अकराव्यात रेषेवर, तेराव्यात उजवीकडे. पाच उड्या, दहा ओळी, एक चाल.

मात्र प्रत्येक उडी उलटी मारता येते. ज्या खळग्यांवर पाय देत आपण वर गेलो, त्याच खळग्यांवरून समोरचा खाली येऊ शकतो. शिडीला वरचं टोक आणि खालचं टोक असं काही नसतंच. म्हणूनच या खेळात एक विचित्र गोष्ट घडते. शेवटची राहिलेली पायरी जो लावतो त्याची चाल तिथे संपते, आणि पूर्ण झालेल्या शिडीवरची पहिली उडी समोरच्याला मिळते. आपण तीन-चार चाली खर्चून सुंदर शिडी बांधायची आणि तिचं उद्घाटन त्यानं करायचं, हे चायनीज चेकर्समधलं रोजचं दुःख आहे.

यातून सुटका कशी करायची? समोरच्याला शिडी दिसत असली तरी तिच्यावर पाय ठेवता येतो का, हे बघून. त्यासाठी पट चार रंगांत रंगवलेला आहे असं समजावं. खरंच कागदावर काढून रंगवला तर आणखी चांगलं. आपल्या टोकाचा खळगा लाल. दुसऱ्या ओळीत डावीकडून हिरवा, निळा. तिसऱ्या ओळीत लाल, पांढरा, लाल. चौथ्या ओळीत हिरवा, निळा, हिरवा, निळा. पुढे नियम एकच, कोणत्याही सरळ रेषेत एकाआड एक खळगा त्याच रंगाचा. त्यामुळे विषम ओळींत लाल आणि पांढरे आलटून पालटून येतात, सम ओळींत हिरवे आणि निळे.

उडी नेहमी एक खळगा सोडून पडते, म्हणून उडी मारणारी गोटी रंग बदलत नाही. लाल खळग्यातून निघालेली गोटी वीस उड्या मारल्या तरी लालवरच उतरेल. रंग बदलायचा एकच मार्ग, एक पाऊल. आणि त्या पावलाला एक अख्खी चाल जाते. हाँगकाँगमध्ये लोकप्रिय असलेल्या वेगवान प्रकारात दूरच्या गोटीवरूनही, तितकंच अंतर पलीकडे सोडून, लांब उडी मारता येते. तिथेही अंतर दुप्पटच होत असल्यानं रंग कायम राहतो.

घरातल्या दहा गोट्यांची मोजदाद केली तर तीन लाल, तीन हिरव्या, तीन निळ्या आणि फक्त एक पांढरी, तिसऱ्या ओळीच्या मध्यावरची. समोरच्या घरातल्या खळग्यांचीही वाटणी अगदी हीच आहे, तीन, तीन, तीन आणि एक. वर सांगितलेल्या शिडीवर तिसऱ्या ओळीतून चढलेली गोटी नेमकी ती एकुलती पांढरी होती. तिचे उतरायचे सगळे खळगे पांढरे. पण त्याच पायऱ्यांवरून दुसरी वाटही जाते. तिसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाची लाल गोटी त्याच पहिल्या पायरीवरून पाचव्या ओळीत रेषेवर येते, मग सातव्यात उजवीकडे, नवव्यात रेषेवर, अकराव्यात उजवीकडे, तेराव्यात रेषेवर. पायऱ्या त्याच, उतरायच्या जागा वेगळ्या. एक पांढरी वाट, एक लाल वाट. हे लक्षात आलं की शिडीकडे बघायची नजरच बदलते, कारण एक वाट बुजवली म्हणून दुसरी बंद होत नाही.

आता एक डाव जवळून पाहू. पिवळा खालून वर चालला आहे, काळा वरून खाली. ओळी पिवळ्याच्या टोकापासून मोजायच्या. रेषेला लागून उजवीकडे पिवळ्याच्या गोट्या चौथ्या, सहाव्या आणि आठव्या ओळीत आहेत. बाराव्या ओळीत त्याच जागी काळ्याची एक गोटी येऊन बसली आहे. दहाव्या ओळीतली पायरी तेवढी नाही. तिसऱ्या ओळीत रेषेवरची पांढरी आणि उजव्या टोकाची लाल अशा दोन पिवळ्या गोट्या अजून घरातच आहेत. एक पिवळी गोटी नवव्या ओळीत बरोबर रेषेवर उभी आहे. काळ्याच्या घराच्या तोंडाशी, चौदाव्या ओळीत रेषेच्या उजवीकडचा खळगा रिकामा आहे. पंधराव्या ओळीतल्या मधल्या आणि त्या बाजूच्या गोट्या निघून पटाच्या डाव्या अंगाला दूर गेल्या आहेत. चाल पिवळ्याची.

पिवळा नवव्या ओळीतली गोटी एक पाऊल पुढे टाकून दहाव्या ओळीची पायरी भरतो. शिडी पूर्ण झाली आणि आता चाल काळ्याची. वर म्हटलेली चूकच केली की काय? नाही, कारण काळ्याच्या घरातून शिडीवर चढायला चौदाव्या ओळीची पायरी हवी, ती नाही, आणि ती बसवली तरी तिच्यावरून उडी घेणारी गोटी पंधराव्या ओळीत जागेवर नाही. पिवळ्याकडे मात्र दोन स्वार तयार आहेत. काळ्यानं दुर्लक्ष केलं तर पुढच्या चालीत सरळ दहा ओळी.

काळा घराच्या तोंडाशी अडसर घालायचा विचार करेल. चौदाव्या ओळीच्या टोकाची गोटी तो तेराव्या ओळीत, रेषेपासून उजवीकडच्या पहिल्या खळग्यात सरकवेल. त्यानं पांढरी वाट अकराव्या ओळीवर संपते. पण लाल वाट तेराव्या ओळीत रेषेवर उतरते, ती उघडीच राहते आणि पिवळा लाल गोटीनं दहा ओळी घेऊन जातो. काळ्याला दोन वाटा आहेत हे दिसलंच नव्हतं.

जाणता काळा वेगळी चाल करेल. बाराव्या ओळीतली आपलीच पायरी तो एक पाऊल खाली, अकराव्या ओळीत बरोबर रेषेवर आणेल. या एका पावलात तीन गोष्टी झाल्या. बाराव्या ओळीची पायरी नाहीशी झाली, त्यामुळे शिडी आखूड झाली. अकराव्या ओळीतला पांढरा खळगा भरला, त्यामुळे पांढरी वाट नवव्या ओळीवर अडली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी हिरव्या खळग्यात पायरी बनून बसलेली ती काळी गोटी पांढऱ्या खळग्यात आली. म्हणजे ती आता पिवळ्यानं बांधलेल्या शिडीवरची स्वार आहे. पुढच्या चालीत ती दहाव्या, आठव्या आणि सहाव्या ओळीच्या पिवळ्या पायऱ्यांवरून तीन उड्या मारून पाचव्या ओळीत, पिवळ्याच्या दाराशी पोचू शकते.

पिवळ्यापुढे दोन चाली आहेत. लाल गोटीला रोखणारं कोणी नाही, ती चार उड्यांत अकराव्या ओळीत उजवीकडे जाते. आठ ओळी. पांढरी गोटी तीनच उड्या मारू शकते आणि नवव्या ओळीत, रेषेपासून उजवीकडच्या पहिल्या खळग्यात थांबते. सहा ओळी. हाताला सवय असते ती लांबात लांब उडीची, म्हणून बहुतेक जण इथे आठ ओळींची चाल करतील.

पुढे काय होतं बघा. पिवळ्याची लाल गोटी अकराव्या ओळीत गेली. काळा पांढऱ्या वाटेनं उतरला, अकरा, नऊ, सात, पाच. त्याच्या सहा ओळी. फरक दोनाचा उरला, तरी हिशोब तेवढ्यावर संपत नाही. काळी गोटी पाचव्या ओळीत ज्या खळग्यात येऊन बसली, तोच पिवळ्याच्या घरातल्या पांढऱ्या गोटीचा पहिल्या उडीनंतर उतरायचा खळगा. ती एकुलती पांढरी गोटी घरातच कोंडली गेली. काळ्यानं मुद्दाम अडसर घातला नाही, फुकट मिळालेल्या सहा ओळींबरोबर अडसर आपोआप आला.

आता दुसरी चाल. पांढरी गोटी सहा ओळी घेऊन नवव्या ओळीत थांबते. काळ्याच्या स्वाराला दहाव्या ओळीच्या पायरीवरून उतरायला नेमका हाच खळगा हवा होता, तो भरला. काळ्याची वाट तिथेच संपली. आणि लाल वाट? नवव्या ओळीत रेषेवरची जागा पायरी लावताना पिवळ्यानंच रिकामी केली होती, ती तशीच आहे. म्हणजे पुढच्या चालीत लाल गोटीच्या आठ ओळी शिल्लक आहेत. काळ्याला त्या अडवायच्या असतील तर अकराव्या ओळीतली आपली गोटी एक खळगा आडवी उजवीकडे सरकवावी लागेल. त्यानं लाल वाट नवव्या ओळीपर्यंत आखूड होईल, पण त्या चालीत काळा स्वतः एकही ओळ पुढे जाणार नाही. सहा आणि नंतर आठ किंवा सहा, विरुद्ध काळ्याची एक ओळ किंवा शून्य. आधी आठ ओळींचा मोह आवरला तर एवढा फरक पडतो.

या डावात पिवळ्याची खरी करामत लांब उडीत नव्हती, ती उडी कुठे थांबवायची यात होती. नियमाप्रमाणे उड्यांची माळ शेवटपर्यंत ओढायची सक्ती कोणावरही नाही. अनुभवी खेळाडू पुष्कळदा दोन ओळी कमी घेऊन समोरच्याच्या उतरायच्या खळग्यात जाऊन बसतो. पुढे सरकणं आणि अडवणं एकाच चालीत होतं. नुसतं अडवण्यासाठी वेगळी चाल खर्च करणं मात्र सहसा परवडत नाही, कारण त्या चालीत आपल्या साडेचार ओळी जातात.

पायरीवरच घाव घालणं हा दुसरा उपाय. सलग दोन गोट्यांवरून उडी नाही, म्हणून समोरचा ज्या पायरीवरून येणार आहे तिच्या पाठीला पाठ लावून, त्याच रेषेत आपली दुसरी गोटी उभी केली की ती दिशा बंद. पण आपलीही दिशा त्यानं बंद होते, आणि वाकडी वाट उरलेली असू शकते. पटाच्या दुसऱ्या बाजूनं, समोरच्याच्या खुर्चीतून एकदा बघितलं तर ती चटकन दिसते. बोट गोटीवरून उचलण्याआधी एवढंच तपासायचं असतं: त्याची कोणती गोटी शिडीच्या रंगावर आहे, आणि कोणती एका पावलात त्या रंगावर येईल?

डावाचा शेवटचा तिसरा हिस्सा या सगळ्यापेक्षा वेगळा आणि बराच रूक्ष. दोन्ही सैन्यं एकमेकांतून पार झाली की उधारीच्या पायऱ्या संपतात. मागे राहिलेल्या गोटीला मग पायपीटच उरते. नऊ गोट्या घरात पोचल्या आणि दहावी पाचव्या ओळीत राहिली, तर चौदाव्या ओळीचा उंबरठा गाठायलाच तिला नऊ पावलं लागतात. तेवढ्या वेळात समोरचा निवांतपणे जिंकतो. म्हणून शिडी मोडताना तळाच्या पायरीवरची गोटी आधी वर न्यायची आणि वरच्या पायऱ्या तिच्यासाठी तेवढा वेळ तिथेच ठेवायच्या. वरची पायरी घाईनं घरात नेली की खालच्या सगळ्या गोट्या एका चालीत गरीब होतात.

समोरच्या घरात शिरतानाही रंगांचा हिशोब सुटत नाही. समजा नऊ गोट्या आत आहेत, सगळ्यात आतलं टोक तेवढं रिकामं आहे, आणि शेवटची गोटी तेराव्या ओळीत दाराबाहेर उभी आहे. ती रेषेवर, म्हणजे लाल खळग्यात असेल तर दोन चाली पुरतात. पंधराव्या ओळीतली उजवी गोटी सोळाव्या ओळीच्या गोटीवरून उडी मारून टोकात बसते, आणि बाहेरची गोटी चौदाव्या ओळीच्या गोटीवरून तिच्या रिकाम्या झालेल्या जागेत. तीच शेवटची गोटी एक खळगा उजवीकडे, पांढऱ्यावर असेल तर नुसत्या उड्यांनी भागत नाही, रंग बदलण्यासाठी पाऊल टाकावंच लागतं आणि तीन चाली होतात. अटीतटीच्या डावात एका चालीचा फरक म्हणजे हार. म्हणून आतलं टोक आणि सोळावी ओळ आधी भरून घ्यावी. दाराजवळच्या जागा शेवटी भरायला सोप्या, खोलातल्या नाहीत.

आपल्या स्वतःच्या घरात रेंगाळलेली गोटी तर दुहेरी नुकसान करते. एक म्हणजे तिला पुढे नेणारं कोणी उरत नाही. दुसरं म्हणजे ती दाराशी, चौथ्या ओळीत असेल तर समोरच्याला आत घेणारी शेवटची पायरी तीच होते. वरच्या उदाहरणात काळ्यानं चौदाव्या ओळीत आपली गोटी ठेवली असती, तर पिवळा तेराव्या ओळीत न थांबता तिच्यावरून पंधराव्या ओळीत, थेट घराच्या मध्यावर उतरला असता.

याच रेंगाळण्याचा काही जण मुद्दाम उपयोगही करतात. हरायची वेळ आली की एक गोटी आपल्या घराच्या तळाशी तशीच ठेवून द्यायची, म्हणजे समोरच्याची दहावी गोटी कधीच बसणार नाही आणि डाव कधीच संपणार नाही. मूळ नियमांत याला चोख उत्तर नसल्यामुळे खेळणारे आपापले तोडगे काढतात. काही ठिकाणी ठराविक चालींच्या आत घर रिकामं करण्याची सक्ती असते. अधिक प्रचलित तोडगा असा, की समोरच्या घरातले सगळे खळगे भरलेले असतील आणि त्यांत निदान एक गोटी आपली असेल, तर आपण जिंकलो, मग बाकीच्या जागी मालकाच्याच गोट्या अडून बसलेल्या का असेनात. यात एक पळवाट आहे: समोरच्यानं घर सोडलेलंच नसेल तर पहिल्याच स्वारानं आत शिरून विजय पुकारावा का? त्यामुळे कोणता तोडगा लागू आहे हे पहिली गोटी हलण्याआधी ठरवून घेतात.